सेल्स टॅक्स नंबरचा रकाना

कुपवाडचा आमचा कारखाना व्हॉल्व्हचा. वाफेच्या आणि पाण्याच्या पाइपांना लागतात ते, लोखंडाचे आणि गनमेटलचे, म्हणजे काशासारख्या धातूचे. यजमान गेल्यावर कारखाना दिराच्या आणि माझ्या नावावर आला. शेड दिराने बघायची आणि ऑफिस मी, असं ठरलं.

मुंबईचा एक एजंट आमचा सगळा माल घ्यायला तयार होता. अट एवढीच की व्हॉल्व्हवर त्याचं नाव ओतायचं. दिराला ते पटलं होतं, मला पटलं नव्हतं. सहीसाठी आणलेला कागद मी टेबलावर तसाच ठेवला आणि म्हणाले, "भाऊजी, आपली वेबसाइट करू. गिऱ्हाईक आपल्याकडे सरळ येईल."

"कुपवाडात फोन धड लागत नाही वहिनी, आणि तुम्ही जगाला बोलावणार?"

"दसऱ्यापर्यंत थांबा. नाही कोणी आलं तर मी सही करते."

तो थांबला. मुदत मीच मागितल्यामुळे नंतर कोणाला बोल लावायची सोय राहिली नाही.

मिरजेत एक बाई कॉम्प्युटरचा क्लास चालवायच्या. वेबसाइट करता येणारं माझ्या माहितीतलं ते एकच माणूस. त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुमच्या प्रत्येक मालाची डेटाशीट आहे का?" नव्हती. आमच्याकडे व्हॉल्व्हला नंबर नव्हते. शेडमध्ये एकाला 'साखरवाला' म्हणत, कारण तो पहिल्यांदा साखर कारखान्याला गेला होता, आणि दुसऱ्याला 'दूधवाला'. मापं यजमानांच्या डोक्यात होती आणि थोडी ट्रेसिंग पेपरवर.

उन्हाळाभर मी ते काम केलं. प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर दिला. फ्लँज ते फ्लँज, म्हणजे जोडाच्या एका चकतीपासून दुसरीपर्यंतची लांबी, चकतीवरच्या भोकांची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास, बॉडी, स्पिंडल आणि सीट कशाची, किती दाबाला चालतो, हे सगळं एका पानावर घेतलं. दाबाचा आकडा अंदाजाने लिहायचा नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. प्रत्येक जातीचा एक नग टेस्ट बेंचवर चढवला. पाण्याने बॉडीला दीडपट दाब द्यायचा, मग व्हॉल्व्ह बंद करून सीटला, आतल्या बैठकीला, थोडा कमी, आणि थेंब येतो का ते बघत उभं राहायचं. थेंब आला नाही की लिहायचं.

शेडमधला मिस्त्री नग पुसत पुसत म्हणायचा, "वैनी, हे कागद कोन वाचनार हाय?"

"घेणारा वाचेल."

"घेनारा दर इचारतो ओ. वाचत न्हाई."

या पानांचं केलेलं कॅटलॉगचं एकसंध पुस्तक बाईंनी मोडायला लावलं. "एवढी फाइल उतरवून घेताना लाइन तीनदा तुटेल," त्या म्हणाल्या. म्हणून मालागणिक छोट्या फायली केल्या. फोटो लहान केले, आणि मापांचा तक्ता पानावरच साध्या अक्षरांत ठेवला, म्हणजे फाइल न उघडताही दिसावा.

शेवटी राहिला दर मागण्याचा फॉर्म. माप, दाब, पाइपातून काय वाहणार, किती नग. दिराने त्यात एकच गोष्ट घालायला सांगितली. "सेल्स टॅक्स नंबर सक्तीचा करा. नाहीतर शेजारचे शेडवाले घरबसल्या आपला दर काढतील. आणि ईमेलचा पत्ता पानावर देऊ नका, सगळं फॉर्ममधून येऊ दे."

यात मला काही गैर वाटलं नाही. आमच्या धंद्यात व्यापाऱ्याची ओळखच त्या नंबरावर असते. तो असेल तर व्यापारी, नसेल तर घरच्या टाकीला नळ शोधणारा. बाईंनी रकान्यापुढे लाल फुली टाकली.

पाऊस सुरू होता होता वेबसाइट चालू झाली. इंटरनेटसाठी पुण्याला एसटीडी लावून मी रोज ईमेल बघायची. मोडेमचा आवाज थांबला की पडद्यावर तेच यायचं, नवीन काही नाही. मग आमचंच पहिलं पान उघडायची. तळाशी येणाऱ्याजाणाऱ्यांची मोजदाद होती. ती एकाने वाढायची, आणि तो एक म्हणजे मीच असायची. साताऱ्याहून बहीण फोनवर विचारायची, "तुझी ती वेबसाइट कुठे बघायला मिळते गं?" तिच्याकडे बघायला कॉम्प्युटर नव्हता. क्लासच्या बाई सोडल्या तर माझ्या ओळखीतल्या कोणाकडेच नव्हता. उन्हाळाभर केलेलं काम एकाही माणसाला दाखवता येत नव्हतं. यजमान असते तर त्यांनी चुका काढल्या असत्या.

खंडेनवमीला लेथला झेंडूच्या माळा चढल्या. मिस्त्रीने एक फूल कॉम्प्युटरवर ठेवलं आणि हात जोडून म्हणाला, "आता तरी बोल की रं गड्या." सगळे हसले, मीही हसले. पेढे वाटून झाल्यावर दीर म्हणाला, "वहिनी, आता बास."

"बास," मी म्हणाले.

दसरा झाल्यावर मी वेबसाइट बंद करायला मिरजेला गेले. बाई म्हणाल्या, "बंद करण्याआधी सर्व्हरची नोंद तरी उतरवून बघू. कोण कुठलं पान मागतं, ते तिथे आपोआप लिहिलं जातं." त्यांनी आजवर ती काढली नव्हती आणि अशी नोंद असते हे मला माहीत नव्हतं.

ओळीच ओळी होत्या. पान मागणाऱ्या कॉम्प्युटरच्या पत्त्याच्या शेवटच्या अक्षरांवरून देश कळतो, हे बाईंनी दाखवलं. केनिया, सिंगापूर, अमिराती. सगळे शोधून सरळ मालाच्या पानावर उतरले होते, म्हणून पहिल्या पानावरची मोजदाद हलली नव्हती. कोणी साखरवाल्याची डेटाशीट उतरवून घेतली होती, कोणी तीन फायली. मग फॉर्मचं पान. मग फॉर्म पाठवला. लगेच पुढची ओळ 'माहिती अपूर्ण' या पानाची. एकाने पुन्हा पाठवला होता, पुन्हा तेच. मग तो गेला होता.

बाईंनी फॉर्म उघडला. आम्ही दोघींनी एकदमच लाल फुलीकडे बघितलं.

"केनियातला माणूस सेल्स टॅक्स नंबर कुठून आणणार?" त्या म्हणाल्या. "आणि अपूर्ण फॉर्म आपण कुठे साठवतच नाही."

म्हणजे नावं नाहीत, फोन नाहीत. डेटाशीटवर फॅक्स नंबर होता, पण शून्यापासून सुरू होणारा, देशाचा आकडा न घातलेला. मुंबईहून लागला की आम्हाला पुरत होतं. पावसाळाभर माणसं दारात येऊन उभी राहिली होती, आणि मी आत बसून कोणी येत नाही म्हणत होते. ती कोण होती ते कधीच कळणार नव्हतं.

फुली काढली. अर्धवट फॉर्मसुद्धा ईमेलने यावा अशी सोय केली. ईमेलचा पत्ता पानावर घातला, फॅक्स नंबर नीट लिहिला.

दिराला छापील ओळी दाखवल्या. तो एकेका ओळीवरून बोट फिरवत गेला. "आले आणि गेले," तो म्हणाला. "परत थोडेच येतात? मी एजंटला शब्द दिलाय."

"मीही तुम्हाला दिलाय. लोखंडी माल त्याच्या नावाने जाऊ दे. गनमेटलचे व्हॉल्व्ह कागदातून वगळा, ते आपल्या नावाने राहतील. विकले नाहीत तर जबाबदारी माझी."

त्याने तेवढं वगळलं. मी सही केली. पुढच्या ओतकामापासून लोखंडी व्हॉल्व्हवर परकं नाव आलं. मिस्त्रीने पहिला नग माझ्या टेबलावर आणून ठेवला.

दिवाळीनंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी कुपवाडला वीज होती, पण माणसं नव्हती. मी मोडेम लावला. मोंबासाहून एक फॉर्म आला होता. गनमेटलचे, वाफेसाठी, दीड इंची. माप, दाब, नग, सगळं नीट भरलेलं. सेल्स टॅक्स नंबरचा रकाना रिकामा.

सांगायला कोणी नव्हतं. शेडमध्ये एक चक्कर मारली, चहा केला, आणि मुंबई बंदरापर्यंतचं भाडं धरून दर काढायला बसले.