दोन्ही चित्रं एकच

साखर कारखान्याच्या प्रशिक्षण विभागात माझी कामं ठरलेली: स्लाइड तयार करणं, आलेख तपासणं, हजेरी घेणं. त्या हंगामात मी एक काम वाढवलं. रंगांधळ्या माणसाला आपल्या स्लाइड कशा दिसतात, ते दाखवणारी छोटी स्क्रिप्ट चालवायची. प्रत्येक स्लाइडचं चित्र घ्यायचं, त्यातल्या रंगांच्या आकड्यांवर ठरावीक गणित करायचं आणि हिरवा रंग न जाणवणाऱ्या डोळ्यांना दिसेल तसं दुसरं चित्र शेजारी ठेवायचं.

बॉयलरच्या दाबाच्या आलेखावर ती चालवली. दुसऱ्या चित्रात धोक्याची लाल रेघ आणि नेहमीच्या दाबाची हिरवी रेघ, दोन्ही एकाच मातकट रंगाच्या झाल्या होत्या.

सोमवारच्या सुरक्षा वर्गात मी दोन्ही चित्रं पडद्यावर लावली. वर्गाची सुरुवात प्रश्नानं करायची, ही माझी पद्धत. विचारलं, "यात फरक काय?"

मागच्या बाकावरून पॅनेलवरचे मामा बोलले. चंदगडकडचे, बॉयलरच्या पॅनेलवर केस पांढरे झालेले. "फरक कसला, मॅडम? दोन्ही चित्रं एकच की!"

वर्ग हसला. "मामा, चष्मा घरात ऱ्हायला व्हय?" कुणीतरी ओरडलं. मामाही हसले.

मी हसले नाही. रंगांधळ्या माणसालाच ती दोन चित्रं सारखी दिसतात, हे मला माहीत होतं. मी पटकन पुढची स्लाइड लावली. पण सुरक्षा अधिकारी उठून उभे राहिले होते.

"मागं घ्या. मामा, डावीकडच्या चित्रातली लाल रेघ दाखवा."

मामांनी बोट उचललं. ते हिरव्या रेघेवर थांबलं. वर्गातलं हसू विरलं.

"पॅनेलवर कसं चालवलं इतकी वर्षं?"

"जागा पाठ हाय की, सायेब. वरचा दिवा लाल, खालचा हिरवा. एकदा तरी चुकलोय का? सांगा."

चुकले नव्हते. ते मीही सांगितलं. शिवाय सांगितलं, की ही स्क्रिप्ट चित्रं तपासायला आहे, माणसं तपासायला नाही. साहेब म्हणाले, "ते डॉक्टर ठरवतील."

डॉक्टरांनी ठरवलं. मामांना पॅनेलवरून काढून गाडीतळावर, उसाच्या ट्रॅक्टरना नंबर द्यायला बसवलं. धुरळ्यात.

आलेख मी पुन्हा केले: एक रेघ सलग, दुसरी तुटक, शेवटी शब्दांत नाव. स्क्रिप्टमधून काढले तरी दोन्ही वेगळ्या ओळखू येत होत्या. त्यांचाच नवा तक्ता छापून पॅनेलसमोर लावला.

मी तिथं असतानाच मामा एकदा पॅनेलच्या खोलीत राहिलेला डबा न्यायला आत आले आणि तक्त्यापुढे थांबले.

"आता चटकन कळतंय, मॅडम," ते म्हणाले. त्यांच्या खुर्चीवर नवीन ऑपरेटर बसला होता. त्यानं पाय आखडून घेतले. मामा डबा उचलून बाहेर गेले.