नोरीन टकवेलचा मातीचा नवरा

नोरीन टकवेलनं चाळीस वर्षं मेंढ्यांची लोकर हातात घेऊन तिची प्रत सांगितली, पण वारंबा गावच्या शेतकी जत्रेत तिला एकदाही पहिल्या बक्षिसाची निळी फीत मिळाली नव्हती. नणंद बेरिलला केकसाठी दरसाल मिळे, आणि ती वर्षभर स्वयंपाकघरात टांगलेली असे. यंदा नोरीननं हट्टच धरला होता.

तिनं ‘बदललेला फोटो’ या गटात नवऱ्याला उतरवलं. क्लाइव्ह आणि त्याचा मेंढा, दोघंही मातीच्या बाहुल्यांच्या सिनेमातले वाटावेत असे. कॉम्प्युटरला तिनं सांगितलं होतं: डोकं मोठं, पाय आखूड, बोटं जाडजूड, पांढऱ्या कापडातून गाळल्यासारखा मऊ उजेड, आणि मातीवर अंगठ्याचे ठसे. बदलाचं प्रमाण फार चढवलं तेव्हा क्लाइव्ह दुसऱ्याच कुणाचा तरी नवरा झाला. फार उतरवलं तर नुसता चिखल फासलेला क्लाइव्ह. मधे कुठंतरी तो सापडला.

गटाचा पंच रॉस पेंगली फोटोला नाक लावून उभा राहिला.

“हा बदललेला फोटो नाही. हा बाहुल्यांचा सरळ काढलेला फोटो आहे. ठसे दिसतायत. नियम असा की काम स्वतःचं हवं. बाहुल्या कुणी केल्या?”

“कुणीच नाही रे बाबा. त्या कधी नव्हत्याच.”

“मग अंगठा कुणाचा?”

मुलांच्या विभागातून प्लास्टिसिनची खेळायची माती आली. नोरीननं अंगठा दाबला, क्लाइव्हनं दाबला, संशयावरून बेरिलनंही दाबला.

“मी असला नवरा केला असता तर जरा बरा केला असता,” बेरिल म्हणाली.

रॉस भिंगातून बघत राहिला. फोटोतल्या क्लाइव्हच्या गालावरच्या ठशाच्या रेघा कानात शिरत होत्या, तिथून थेट कॉलरवर जात होत्या. तेच भोवरे मेंढ्याच्या शिंगावरही होते.

“असा अंगठा माणसाला नसतो,” तो म्हणाला.

“तेच सांगतेय.”

“म्हणजे करणारा गावातला नाही. बाद.”

नोरीननं फोन काढला, रॉसचा फोटो टिपला, तीच वाक्यं घातली आणि पडदा त्याच्यापुढं धरला. मातीचा रॉस हातात भिंग घेऊन उभा, नाक बटाट्याएवढं, त्यावर ठसे.

“आता सांग, तुला कुणी मळलं?”

रॉसनं नाक चाचपलं. “एवढं नाहीये ते.”

“आहे,” त्याची बायको मागून म्हणाली.

“नाक जरा कमी कर, मग बघू.”

फीत त्याच्या खिशातून डोकावत होती. नोरीननं तिच्याकडं बघितलं, मग पडद्याकडं. “मी नाही करायची. नाक कमी केलं की डोकं कमी करावं लागेल, मग बोटं. शेवटी नुसता तू उरशील. तसला फोटो कोण बघणार?”

रॉसला हे पटलं असावं. त्यानं निळी फीत क्लाइव्हच्या फोटोला टाचली आणि खालच्या पट्टीवर सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘काम नोरीन टकवेलचं. अंगठा अज्ञात.’

नोरीननं फीत बोटांनी चोळून प्रत पाहिली. नायलॉन होतं.