बिनखिडकीच्या पार्लरमध्ये काचेसारखे केस

लग्न होऊन कोल्हापूरहून चेन्नईत आले, नवरा गिंडीच्या कारखान्यात रुजू झाला आणि मी नुंगंबाक्कमला पहिल्या मजल्यावर पार्लर टाकलं. पुढे धाकटी जाऊ भागीदार झाली. आमचं भांडण झालं ते एकदाच, पण कडाक्याचं.

समोरच्या नव्या पार्लरवर फलक लागला: केस काचेसारखे सरळ, महिनोन् महिने टिकणारे. आमच्याकडे येणाऱ्या बायका विचारायला लागल्या आणि जावेला चैन पडेना.

"ताई, आपण मागे राहिलो. सगळं शहर करतंय हे."

"करू दे. शहराचं दुकान आपल्याला चालवायचं नाहीये."

तिनं परस्पर त्या औषधाच्या विक्रेत्याला बोलावलं. गुळगुळीत बोलणारा माणूस. म्हणाला, ट्रेनिंग फुकट. फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात. खोदून विचारलं तेव्हा कळलं, बाटल्यांचा अख्खा संच घेतला तरच फुकट, आणि बाटली एकदा फोडली की काही महिन्यांत संपवायची, नाहीतर ओतून द्यायची. म्हणजे ट्रेनिंगचे पैसे बाटलीतच मुरवलेले. आणि ट्रेनिंग किती? एक दुपार! औषध लावून केसांवर तापलेली इस्त्री कशी धरायची ते शिकवणार. कुणाची टाळू भाजली, डोळे चुरचुरले तर काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही.

"पण गिऱ्हाईक तर आहे ना?" जाऊ म्हणाली.

ते मी आधीच पाहिलं होतं. येणाऱ्या प्रत्येकीला विचारलं, तर सगळ्यांचा होकार. मग पुढचं सांगितलं: तीन दिवस केस धुवायचे नाहीत, बांधायचे नाहीत, फुलं माळायची नाहीत. नंतरही तेल लावून शिकेकाईनं खसाखसा धुतले की परिणाम लवकर उतरणार. इथं तर शुक्रवारचं तेलस्नान कुणी चुकवत नाही आणि मल्लिपूशिवाय, म्हणजे मोगऱ्याच्या गजऱ्याशिवाय, देवळात कुणी जात नाही. "मल्लिपू नाही? मग कशाला, अक्का!" म्हणत एकीनं पर्सच उचलली. कौतुकानं विचारणाऱ्या खूप होत्या, करून घेणाऱ्या चार-दोन.

पण मला खरी धास्ती वेगळीच होती. जावेला दमा आहे, तिच्या एप्रनच्या खिशात पंप असतो. आणि हे काम तीच करणार होती. बाटलीवर ठळक अक्षरात 'फॉर्मॅल्डिहाइड नाही' असं लिहिलेलं. मी घटकांची यादी वाचली, त्यात ग्लायऑक्सिलिक अ‍ॅसिड होतं. ते इस्त्रीनं तापलं की तोच फॉर्मॅल्डिहाइडचा वायू सुटतो, दमेकऱ्याची छाती जाळणारा. आमच्या खोलीला खिडकी नाही, एसी तीच हवा फिरवत राहतो, आणि मालक भिंतीला भोक पाडून पंखा बसवू देत नाही. मग या वायूचं काय, असं विचारल्यावर तो विक्रेता म्हणाला, "मॅडम, वास थोडा येतो, सवय होते."

सवय होते म्हणे! माझं डोकंच फिरलं.

"मग आधी माझ्या केसांवर करून दाखवा. आणि तू बाहेर थांब," मी जावेला बजावलं. ती कसली ऐकतेय! शिकायचं म्हणून शेजारीच उभी राहिली.

दोन-चार बटांवर इस्त्री फिरली आणि माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. जाऊ खोकायला लागली, थांबेचना. मी मानेवरचं कापड फेकलं, तिला धरून जिन्यात नेलं. ती पायरीवर बसून पंप ओढत होती, ओठ पांढरे पडलेले. मी इतकी घाबरले होते की तिला रागवायचंही सुचलं नाही.

श्वास जागेवर आल्यावर पहिला प्रश्न काय? "खिडकी असती तर?"

"खिडकी असती तरी तुझ्या हातून नाही. तुझी छाती जाळून मला दुकान चालवायचं नाही. बंद पडलं तर पडू दे!"

संच परत गेला. जाऊ रुसली. कामापुरतं बोलायची, तेही आरशात बघून. त्यातच आमच्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक बाई लेकीच्या लग्नाचं सगळं काम समोरच्या पार्लरला देऊन आली आणि वर मला सांगून गेली, "काळाबरोबर चालावं, अक्का." मला लागलं, खोटं कशाला बोलू? पण बोअरच्या खाऱ्या पाण्यानं राठ झालेल्या केसांसाठी क्षार काढायचं काम आम्ही सुरू केलं. तेही तसंच तावून-सुलाखून: शिकणं सोपं, सामान बेताचं, धूर नाही, आणि पाण्याच्या नावानं रडणाऱ्या बायका रोजच्या. सगळी तूट त्यावर भरून निघाली नाही, हेही खरं.

मग मी खाली जिन्याच्या दारावर पाटी लावली, तमिळ आणि इंग्रजीत: 'ती सरळ केसांची ट्रीटमेंट इथे होत नाही. का, ते वर येऊन विचारा.' नवरा म्हणाला, न मिळणाऱ्या गोष्टीची जाहिरात कुणी करतं का? म्हटलं, मी करते.

जाऊ जिन्याच्या दारापाशी उभी राहून बराच वेळ पाटीकडे बघत होती. एप्रनचा खिसा चाचपत म्हणाली, "ताई, जरा वर लाव ना. रस्त्यावरून दिसत नाही."