हॉलतिकिटावरचा ‘बी’

भरती परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी मी हॉलतिकीट नीट पाहिलं. माझं नाव आणि आडनाव यांच्या मध्ये वडिलांच्या नावाचं अक्षर आधार कार्डावर ‘आर’, हॉलतिकिटावर मात्र ‘बी’! आमच्या गावात, कासार आंबोलीत, आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळे ज्या नावानं हाक मारतात त्याचं अक्षर बी. कागदावरचं नाव वेगळंच. फॉर्म मीच भरला होता, सवयीनं हाकेच्या नावाचं अक्षर घालून. शहाणी! वयाच्या अटीत बसणारी ही माझी शेवटची भरती होती, स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

हेल्पलाइनवाली बाई म्हणाली, दुरुस्तीची मुदत संपली, आता मूळ कागदपत्रं घेऊन केंद्रावर लवकर जा, निर्णय तिथेच होईल. आबांनी पेन पुढं केला. “आर कर की, कोण बघतंय?” मी हात आवरला.

सकाळी आबांच्या मोटरसायकलवरून हिंजवडीजवळच्या केंद्रावर गेट उघडायच्या आधीच पोचलो. कुणी पकडायच्या आत आपणच सांगायचं, असं ठरवलं होतं. तपासणीच्या टेबलावर मी बोलले, तशी मला केंद्रप्रमुखांकडे पाठवलं. भीती होतीच, पण मी मीच आहे हे ते कसं ठरवतात, याचं कुतूहल जास्त होतं.

त्यांनी आधार पाहिलं, दहावीचं सर्टिफिकेट पाहिलं. दोन्हीकडे आर. फोटो, जन्मतारीख, सही हॉलतिकिटाशी जुळवली. मग विचारलं, “यावर पेन नाही ना चालवलं?”

“नाही सर.”

“बरं केलंत. खाडाखोड असती तर मीच अडवलं असतं.”

त्यांनी माझ्याकडून हमीपत्र लिहून घेतलं, रजिस्टरला नोंद केली, बोटांचे ठसे घेतले. “तात्पुरती परवानगी आहे हं. पास झालात तर कागदपत्र पडताळणीत पुरावा द्यावा लागेल, दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत याचा. शेवटचा शब्द भरती मंडळाचा.”

हमीपत्रात मी वडिलांचं कागदावरचं पूर्ण नाव लिहिलं. जन्मात त्या नावानं कुणी आबांना बोलावलेलं मी ऐकलं नव्हतं. पेपर मात्र झकास गेला.

बाहेर आबा उन्हात तसेच उभे होते. “सोडलं का गं आत?”

“सोडलं. पण आबा, पास झाले तर तुम्हाला प्रतिज्ञापत्र करावं लागंल. दोन्ही नावं तुमचीच म्हणून.”

“करू की.”

“ते कागदावरचं नाव ठेवलं कुणी?”

“मास्तरांनी. घरातलं नाव त्यांना आवडलं न्हाई.” आबा हसले. “चार दिस गेलो शाळेत, मग मेंढरांमागं. नाव तेवढं राहिलं तितं.”

मला रडूच आलं. आबांना वाटलं, पेपर अवघड गेला.