एका तासाचे पाचशे साठ

लोणारच्या बसस्टँडमागे, एका दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये सकाळी सहाला बायकांचा डान्स फिटनेसचा क्लास भरायचा. गाणी लावणं आणि शेवटी फळ्यावर प्रत्येकीने जाळलेल्या कॅलरी लिहिणं, हे माझं काम. पाचला उठून उठून मी कंटाळले होते. बायका मात्र त्या फळ्यासाठी यायच्या. फोटो काढायच्या आणि जिना उतरायच्या आत घरच्या ग्रुपवर टाकायच्या.

हिशेब सोपा होता. स्वस्थ बसलेल्या शरीराचा खर्च म्हणजे एक मेट. कुठल्याही हालचालीला त्याच्या किती पट खर्च होतो, त्याचा तक्ता असतो. जोरकस नाचाला साधारण सात, हलक्या पावलांच्या नाचाला पाच. मेट गुणिले वजन गुणिले तास, की कॅलरी हातात. मी सगळ्यांना सरसकट सात मेट आणि पूर्ण एक तास धरत होते.

त्यामुळे रोज पहिला नंबर यायचा तो महिन्याभरापूर्वी आलेल्या एका ताईंचा. त्या तहसीलमध्ये कारकून होत्या. वजन ऐंशी किलो, म्हणून पाचशे साठ. तीन वर्षं न चुकता नाचणारी एक बारकी शिक्षिका होती, पंचावन्न किलोची. तिचे तीनशे पंच्याऐंशी.

"पहिला नंबर व माय!" ती शिक्षिका हसून म्हणायची. "आम्ही काय, हवा खायले येतो!"

एकदा पाय मुरगळला म्हणून मी कोपऱ्यात खुर्चीवर बसले आणि पहिल्यांदाच क्लास नीट पाहिला. ताई दोन स्टेप करायच्या, तिसरी चुकली की थांबून पुढचीचे पाय बघायच्या. मग पाणी, मग भिंतीला टेकणं. मी मोबाइलवर वेळ मोजली. तासात त्यांचा नाच तीस मिनिटांचा, तोही हलका. उरलेली तीस मिनिटं उभं राहणं आणि जागच्या जागी पाय हलवणं, त्याला फार तर दोन मेट. सरासरी साडेतीन. म्हणजे दोनशे ऐंशी, बरोबर निम्मे. शिक्षिका पन्नास मिनिटं पूर्ण जोरात नाचली आणि दहा मिनिटं थांबली. तिचे तीनशे चाळीसच्या आसपास.

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे असायचे. गंडेदोरे विकणाऱ्यांविरुद्धची पत्रकं मी शाळेत असल्यापासून बाजारात वाटली होती. आणि इथे रोज मीच फळ्यावर खोटं लिहीत होते. मला स्वतःचाच संताप आला. त्या दिवशी फळ्यावर काही न लिहिता मी ताईंना आधी सगळं सांगितलं.

त्या घाम पुसत राहिल्या. "मंग मले एवढी धाप काऊन लागते? ते पोरगी त गाणं म्हणत नाचते."

"तिचं शरीर सरावलंय. तिला सात मेटला जेवढी धाप लागते, त्याहून जास्त तुम्हाला पाचलाच लागते. धाप जास्त म्हणून कॅलरी जास्त, असं नसतं."

"म्हणजे मेहनत माही अन् आकडा तिचा?"

मी फळा पुसायला घेतला.

"हे पाह्य, पोरी," त्या हळूच म्हणाल्या, "तो फोटो पाहून सासूबाई पोराईचे डबे करून देतात. म्हणतात, सून एवढं जाळते, जाऊ द्या तिले. निम्मं लिहिलं त उद्यापासून मी घरीच. राहू दे नं पाचशे साठ. कोणाचं काय जाते?"

क्लास घेणाऱ्या मॅडमही म्हणाल्या, "लिही ना बाई. कशाला उगीच?"

मी दोनशे ऐंशी लिहिलं. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'आधीचे सगळे आकडे चुकीचे होते, चूक माझी.' पहिला नंबर आता शिक्षिकेचा होता, पण तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. ताईंनी फोटो काढला नाही.

पुढचे चार दिवस त्या आल्या नाहीत. मी गाणी लावत होते, मिनिटं मोजत होते, आणि खरं बोलल्याचं जराही बरं वाटत नव्हतं. एका बाईचा दिवसातला स्वतःचा एकुलता एक तास मी काढून घेतला होता.

पाचव्या दिवशी गाणं सुरू झाल्यावर त्या जिना चढून आल्या.

"सासूबाई?" मी विचारलं.

"शेवटी आकडा सांगितला त्याईले. म्हटलं, निम्मंच जळून राह्यलं, म्हणजे मले दुप्पट दिवस जा लागते. दोन दिवस बोलल्या नाहीत. मंग म्हणे, चूक त्या पोरीची, तू काऊन घरी बसतं?" चप्पल काढता काढता त्या थांबल्या. "पण तुयावर लय भडकल्या आहेत."

मी हो म्हटलं. त्या मागच्या ओळीत जाऊन उभ्या राहिल्या. मी त्यांची मिनिटं मोजायला घेतली. त्या दिवशी एकतीस भरली.