रेषेबाहेर गेलेली लाली

माझ्या पोटाचा फोटो रोज काढून पाठवायचा, असं ड्रेसिंगच्या सिस्टरनं हॉस्पिटलातून सोडताना सांगितलं. मी सुनेकडे पाहिलं. सून सिस्टरचा नंबर फोनमध्ये घालून घेत होती. मला कुणी विचारलंच नाही.

माझी पिशवी काढली होती. बेंबीच्या बऱ्याच खाली आडवी चीर आणि तिच्यावर टाके. यांच्यासमोरही मी आयुष्यभर दिवा मालवून साडी बदलत आले. आता त्या जागेचा फोटो सुनेच्या फोनमधून हॉस्पिटलच्या फोनमध्ये जाणार, आणि तिथून कुठे, ते कोण सांगणार?

"अहो आई, सिस्टर बाई आहे ना," सून म्हणाली.

"फोन बाईच्याच हातात आहे, हे तुला इथे फरीदाबादच्या घरात बसून दिसतं का?"

ती हसली. मी हसले नाही. माझ्या संशयाला कारण होतं. हॉस्पिटलात मी गुंगीत, तोंड उघडं टाकून झोपले होते, तेव्हा तिनं माझा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला होता. खाली लिहिलं होतं, आई आता छान आहेत. साताऱ्यापासून दिल्लीपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली. माझ्या जावेनं तर मी घरी आल्याबरोबर फोन करून विचारलं, "दातांची कवळी काढून ठेवली होती का गं?" मग पोटाच्या फोटोचं काय होणार, याचा अंदाज मला होता.

सिस्टरनं सांगितलं होतं की फोटो खिडकीच्या उजेडात काढा, फार जवळून नको, जखमेच्या दोन्ही बाजूंची चांगली कातडीही दिसू द्या. समोरच्या इमारतीतले लोक थंडीत गॅलरीत उन्हाला बसतात, म्हणून मी पडदा ओढून घेतला. मग पलंगावर आडवी झाले आणि चिरेच्या वर एक टॉवेल, खाली एक टॉवेल असा घट्ट धरला. मधे टाक्यांची ओळ तेवढी उघडी राहिली. दाराच्या फटीतून रस्ता दिसावा तशी.

"थोडा वर घ्या ना."

"टाके दिसताहेत ना? मग झालं."

सुरुवातीला मला वाटायचं, काहीतरी बिघडलंय. टाक्यांच्या कडेला गुलाबी रेघ आली, एका टोकाला पिवळसर पाणी सुकून खपली धरली, आत दोरीसारखं कडक लागायला लागलं. मी सुनेला म्हटलं, हे पिकलंय. तिनं फोटो पाठवला आणि सिस्टरचा आवाज स्पीकरवर लावला.

"माताजी, ये नॉर्मल है. टांके के साथ-साथ पतली लाली रहती है. पतला पानी भी थोड़ा आता है, खुजली भी होगी. दर्द रोज़ कम हो रहा है ना?"

"हो," मी म्हणाले, आणि तेव्हा ते खरंच होतं.

"बस. दर्द बढ़े, लाली फैले, जगह गरम लगे, गाढ़ा पीला या बदबू आए, टांका खुले, बुखार आए, तो उसी वक़्त बताना."

फोन ठेवल्यावर मला वाटलं, ती सगळ्यांनाच असं सांगत असेल. पण दोन दिवसांत खपली सुकली आणि मला चिंता करायला काही उरलं नाही. सून म्हणाली, "पाहिलंत, उगाच घाबरलात." हे वाक्य मला लागलं. पुन्हा काही झालं तर सांगायचं नाही, असं मी मनात धरून बसले.

मग एका सकाळी उठताना चिरेच्या उजव्या टोकाला ठणका आला. आदल्या दिवशी नव्हता. मी हात लावून पाहिलं तर तिथे उबदार लागलं. रजईची ऊब असेल, म्हटलं. मला थोडं कापरंही भरलं होतं, पण त्या दिवसांत इथे कोण कापत नव्हतं? यांनी तर दोन स्वेटरांवर शाल घेतली होती.

फोटोच्या वेळी मी खालचा टॉवेल उजव्या टोकावर जरा पुढे ओढला.

सून फोन घेऊन तशीच उभी राहिली. "आई, तुम्ही कालपेक्षा जास्त वाकून चालताय."

"थंडी आहे."

"थंडीनं एकाच बाजूला वाकतात?"

तिनं फोटो काढला, पाठवला आणि बाहेर गेली. स्वयंपाकघरातून तिचा दबका आवाज आला. "हाँ सिस्टर... नहीं, दिखाती ही नहीं हैं... पता नहीं क्या छुपा रही हैं." मी भिंतीला कान लावून ऐकत होते. माझ्याच घरात माझ्याबद्दल कुजबूज! मला वाटलं, आता दोघी मिळून मला परत हॉस्पिटलात टाकणार, म्हणजे हिला घर मोकळं.

ती आत आली तेव्हा स्पीकर लावलेला होता.

"माताजी, नमस्ते. ये तौलिया हर फोटो में क्यों है?"

मी टॉवेल आणखी घट्ट धरला.

"मुझे सिर्फ़ टांके दिख रहे हैं, और टांके बिल्कुल ठीक दिख रहे हैं. पर इन्फेक्शन टांके पर ही थोड़ी बैठता है, आसपास फैलता है. और आपका रंग साँवला है, तो लाली लाल नहीं दिखेगी. गहरी, बैंगनी-सी दिखेगी. फोटो में तो और भी कम. दोनों तरफ़ की चमड़ी साथ में दिखे, तभी फ़र्क पता चलेगा. या तो पूरा फोटो भेजिए, या आकर दिखाइए."

माझ्या रंगावर ती बोलली म्हणून मला राग आला. पण मनात कुठेतरी खटकलंही, कारण सकाळी हात लावला तेव्हा टॉवेलाखालची कातडी मला काळवंडल्यासारखी दिसली होती, आणि लाल नाही म्हणून मी सोडून दिली होती.

"फोटो नाही," मी म्हणाले. "आणि यायचं पण नाही."

"नको फोटो," सून म्हणाली. तिनं फोन उलटा करून टेबलावर ठेवला. "मला तर दाखवाल? नुसतं डोळ्यांनी. बघा, हात रिकामे."

तिनं तळवे पुढे केले, मुलं पंतोजीला दाखवतात तसे. मला हसू आलं आणि त्या हसण्यात पोट दुखलं, तेव्हा मी टॉवेल सोडला.

ती पलंगाच्या कडेला बसली. तिनं हाताची मागची बाजू आधी डाव्या टोकाला टेकवली, मग उजव्या. मग पुन्हा डाव्या. "इकडे गरम आहे," म्हणाली. "आणि सुजलंय." दाबलं नाही, तेवढी तिला समज होती. तिनं बॉलपेन आणलं आणि जिथे काळपट रंग संपत होता तिथे कडेकडेनं रेष ओढली.

"हे कशाला?"

"सिस्टरनं मघाशी फोनवर सांगितलं. रेषेच्या बाहेर गेलं तर लगेच न्यायचं."

मी आडवी राहिले. दुपारचं जेवण झालं. ती परत बघायला आली आणि म्हणाली, "आई, गेलंय बाहेर."

"तूच आत ओढली असशील रेष."

"मी?"

"मुद्दाम. मला न्यायचं म्हणून."

तिचा चेहरा पडला. बाहेर हे टीव्ही पाहत होते, ते तिथूनच म्हणाले, "अगं, तिला काय पोटावर रांगोळी काढायची हौस आली का?"

"तुम्ही गप्प बसा."

सुनेनं पेन माझ्या हातात दिलं. ती काही भांडली नाही, याचाही मला संशयच आला. तिनं कपाटातला हातआरसा आणून माझ्या मांड्यांवर तिरपा धरला. "घ्या. तुम्हीच ओढा. बिल्कुल जिथे संपतंय तिथे. मी बघत पण नाही." आणि तिनं खरंच तोंड फिरवलं.

मी पेन घट्ट धरलं. मी आरशात पाहून काळपट आणि चांगली कातडी जिथे मिळते तिथे रेष ओढली, उलट जरा बाहेरच ओढली, म्हणजे नंतर उगाच कुणी मला खोटं पाडायला नको. तिच्या रेषेपासून माझी रेष बोटभर लांब होती. म्हणजे ती खरंच सांगत होती, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण मला वाटलं, तिची चुकलेली असेल.

मग मी कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. रजई घेतली नाही, ऊब कुठून येते ते पाहायचं म्हणून. रजई नसतानाही ती जागा तापलेलीच होती, आणि बाकीचं अंग गार. अंधार पडायच्या आधी मी स्वतः आरसा लावला. उजवीकडे माझ्या रेषेचा एक तुकडा काळपट रंगानं गिळला होता. माझी स्वतःची रेष. माझ्या हाताची. तिथे दुसऱ्या कुणाचा संशय घ्यायला जागा नव्हती.

मी हाक मारली. "अगं, फोन आण."

तिनं पडदा उघडायच्या आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. समोरच्या गॅलरीत एक म्हातारा वाळत घातलेले मोजे काढत होता, त्यानं इकडे बघितलंसुद्धा नाही. टॉवेल बाजूला, दोन्ही रेषा, डावीकडची चांगली कातडी, उजवीकडची काळवंडलेली, सगळं एकाच फोटोत आलं. सिस्टरचं उत्तर लगेच आलं. आत्ताच घेऊन या, सुबह का इंतज़ार मत करना.

तिथे डॉक्टरीणबाईंनी जागा बधीर करून उजवीकडचा एक टाका सोडला. जे बाहेर आलं त्याचा वास मला आडवी असतानाही आला. त्यांनी त्यातलं थोडं तपासायला पाठवलं, आत धुऊन पट्टी भरली आणि गोळ्या लिहून दिल्या. म्हणाल्या, हे चामडीच्या खालीच होतं, अजून पसरलं असतं तर त्रास वाढला असता. आता ते भोक वरून शिवायचं नाही, आतून भरत येईल तसं येऊ द्यायचं. रोज ड्रेसिंग, रोज फोटो.

"पूरा फोटो," सिस्टर दारातून म्हणाली.

भरायला बरेच आठवडे लागले. रोज सकाळी सून पडदा उघडायची आणि मी दोन्ही टॉवेल बाजूला ठेवायचे. आत लाल लाल मांस दिसायचं, ते पाहून मी एकदा घाबरले, तर सिस्टर म्हणाली ही लाली चांगली, ही भरण्याची लाली. आजूबाजूची कातडी गार आणि मऊ आहे ना, ठणका नाही ना, मग ठीक. त्यानंतर मी रंग बघायच्या आधी हाताची मागची बाजू लावू लागले. पेनाच्या रेषा हळूहळू पुसून गेल्या. माझी आधी गेली, तिची उशिरा. तिनं दाबून ओढली होती.

आता तिथे टोकाला खळगा आहे.

शेवटचा फोटो पाठवून झाला तेव्हा मी तिच्यासमोर हात पुढे केला. "फोन दे."

"कशाला?"

"ग्रुप दाखव."

"अहो आई, नाही टाकला!"

"दाखव तर."

तिनं दाखवला. मला नीट वाचता येत नाही एवढं बारीक, म्हणून मी चष्मा आणायला लावला. ग्रुपवर जावेनं पाठवलेले लाडू होते आणि कुणाचा तरी वाढदिवस होता. मी अगदी वरपर्यंत सरकवत गेले. ती शेजारी बसून राहिली आणि मी थांबेपर्यंत तिनं फोन मागितला नाही.