हिलाल शिपायाने दुसऱ्याच्या हाती दिलेली नोटीस

नगरपरिषदेत हिलालची नोकरी कागद वाटण्याची. सभेची सूचना घेऊन तो प्रत्येक सदस्याच्या दारी जायचा आणि ज्याच्या नावाचा कागद त्याचीच सही घ्यायचा. गावात रीत वेगळी होती. नगरसेविकांच्या जागी त्यांचे नवरे सह्या ठोकत. हिलाल ओसरीवर तसाच उभा राहायचा आणि म्हणायचा, "अक्कांना बोलवा." पुरुष त्याला 'कोर्टाचा बेलिफ' म्हणून हिणवायचे. एकोणतीस वर्षं त्याला चहा कुणी विचारला नाही. त्यानेही कधी मागितला नाही.

मे महिन्यातल्या एका दुपारी मुख्याधिकाऱ्यांनी त्याच्याकडे एक लिफाफा दिला. मंत्रालयातून आलेली कारणे दाखवा नोटीस. सदस्यांच्या भांडणात तीन सभा उधळल्या होत्या, पाण्याच्या योजनेला मंजुरी मिळत नव्हती. परिषद बरखास्त का करू नये, याचा खुलासा पंधरा दिवसांत मागवला होता. लिफाफा नगराध्यक्षा कामिनीताईंच्या हातात पडायला हवा होता. त्यांनी सभा बोलवायची, ठराव करायचा आणि परिषदेचं उत्तर पाठवायचं.

ओट्यावर कामिनीताईंचा नवरा लीलाधर होता.

"हिलाल, इतला उन्हमा काबर फिरस? आण आठे. मी देसू तिले."

"ताईंची सही लागेल."

"तुनी ताई भुसावळले गयी. उद्या पुन्हा येशी का ह्या उन्हमा?"

हिलालचे गुडघे दुखत होते. डोळ्यांपुढे पांढरं झालं होतं. त्याने वही पुढे केली. लीलाधरने बायकोचं नाव लिहिलं, झोकदार, सवयीने.

लीलाधरने तो लिफाफा दाबून ठेवला; कामिनीताईंना तो कधीच दिसला नाही. सभागृहात बहुमत विरोधी गटाचं होतं, आणि येणारा प्रशासक लीलाधरच्या माणसांचा असणार होता. पंधरा दिवस गेले, आणखी महिना गेला. मग राजपत्रात आदेश छापून आला: परिषद कर्तव्यात सतत कसूर करते; संधी देऊनही खुलासा आला नाही; सबब बरखास्त. कार्यकाळाची अडीच वर्षं उरली होती.

प्रशासक खुर्चीवर बसले. सहा महिन्यांच्या आत निवडणूक घ्यावीच लागते, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण तेवढ्यात किती कंत्राटं फिरतील, हेही ठाऊक होतं. विरोधी गटाच्या रत्नाबाई औरंगाबाद खंडपीठात गेल्या. त्यांचं म्हणणं एकच होतं: बरखास्तीआधी परिषदेचं ऐकून घ्यायला हवं, आणि आमच्यापर्यंत कागदच आला नाही.

प्रशासकांनी हिलालला बोलावलं. टेबलावर टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र होतं: 'नगराध्यक्षांनी माझ्यासमोर सही केली.'

"निवृत्तीला किती महिने?" प्रशासकांनी विचारलं.

"चार."

"मग सही कर. नाहीतर नोटीस भलत्याला दिल्याबद्दल तुझीच चौकशी लागेल. वही तुझीच आहे."

हिलालने कागद दोनदा वाचला. त्यात शिपाई चुकलाच नव्हता. असा शिपाई आपण असायला हवं होतं, असं त्याला वाटलं, आणि त्या वाटण्याचीच त्याला चीड आली.

"साहेब, सही लीलाधर भाऊंनी केली."

"तुला समजतंय का, तू काय करतोयस?"

"चूक मी आधीच केली. ही सही केली तर ती दुसरी होईल."

त्याने खरं तेच लिहून रत्नाबाईंच्या वकिलांकडे दिलं. आभार मिळाले नाहीत. वकील एवढंच म्हणाले, "एवढी शिस्त होती तर त्या दिवशी कुठे गेली होती?"

न्यायालयाने आदेश रद्द केला. नगराध्यक्षांच्या नवऱ्याला दिलेला कागद परिषदेला मिळाला असं मानता येणार नाही, आणि ऐकून न घेता निवडून आलेली संस्था मोडता येत नाही. शासनाला हवं तर नव्याने नोटीस द्यावी, परिषदेचं ऐकावं, मग निर्णय घ्यावा. परिषद पुन्हा बसली. प्रशासकांनी लावलेली हिलालची चौकशी मात्र सुरूच राहिली.

पहिल्याच सभेत सदस्य एकमेकांवर तुटून पडले. दारापाशी स्टुलावर बसलेल्या हिलालकडे कुणी पाहिलं नाही. सभा संपल्यावर कामिनीताई त्याच्यापुढे येऊन उभ्या राहिल्या. नवऱ्याचं घर सोडून त्या माहेरी भुसावळला राहायला गेल्याची बोलवा गावात होती.

"माझ्याच घरात माझ्या नावाने सही झाली," त्या म्हणाल्या. "दर वेळी मला बाहेर बोलवायचास. मला राग यायचा तुझा, भाकरी टाकून उठावं लागायचं. त्या दिवशी माझी वाट का नाही पाहिलीस?"

"ऊन होतं, ताई."

"ऊन," त्या म्हणाल्या.

गुडघ्यांचं हिलाल बोलला नाही. ते सांगून काही भरून येणार नव्हतं, आणि ताई उत्तरासाठी अजून उभ्याच होत्या.